हॅश मॅपचा O(1) आणि त्याची गळून पडलेली अट

हॅश मॅपमध्ये एखादी की शोधायला लागणारा वेळ स्थिर असतो, म्हणजे O(1), असं आपण शिकतो. मग कोणीतरी पुढे ठामपणे सांगतं की अनेक कीजची टक्कर झाली तरी हा वेळ स्थिरच राहतो. हा दुसरा दावा चुकीचा आहे. तो कुठून आला हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९५३ च्या जानेवारीत आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली: कीवरून एक आकडा, म्हणजे हॅश, काढायचा, त्या आकड्याच्या बकेटमध्ये नोंद ठेवायची आणि एकाच बकेटमध्ये अनेक नोंदी आल्या तर त्यांची साखळी करायची. टक्कर होणार हे पहिल्या दिवसापासून गृहीत होतं. बकेट गाठणं एका पायरीत होतं, पण पुढे साखळी जितकी लांब तितका शोध लांब. O(1) हे उत्तर ‘कीज बकेटांमध्ये साधारण सारख्या पसरतील’ या अटीवरच मिळतं. शिकवताना आणि सांगताना ही अट हळूहळू गळून पडली.

ही अट मोडणं किती सोपं आहे, हे जावाच्या स्ट्रिंगवर पडताळता येतं. तिथे हॅश काढताना आधीच्या बेरजेला ३१ ने गुणून पुढच्या अक्षराचा कोड मिळवत जातात.

```java
"Aa".hashCode()  // 65*31 + 97 = 2112
"BB".hashCode()  // 66*31 + 66 = 2112
```

आता हे दोन तुकडे कोणत्याही क्रमाने जोडा. `AaAa`, `AaBB`, `BBAa`, `BBBB` या चारही स्ट्रिंगचा हॅश एकच येतो. १६ तुकडे जोडले की ३२ अक्षरांच्या ६५,५३६ वेगवेगळ्या स्ट्रिंग तयार होतात आणि सगळ्यांचा हॅश तोच असतो. मॅप मोठा करून उपयोग नाही. पूर्ण हॅशच सारखा असल्याने बकेट दुप्पट केल्या तरी सगळ्या पुन्हा एकाच बकेटमध्ये जातात. साध्या साखळीत या सगळ्या कीज भरताना, प्रत्येक नवी की आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहावी लागते, म्हणून एकूण सुमारे २१४ कोटी तुलना होतात. भरून झाल्यावर एक की शोधायला सरासरी ३२ हजारांवर तुलना लागतात.

सिद्धांताच्या बाजूने यावरचं उत्तर १९७० च्या दशकाच्या शेवटी आलं होतं. कार्टर आणि वेगमन या संशोधकांनी दाखवलं की हॅश फंक्शन ठरलेलं असेल, तर त्याला अडवणाऱ्या कीज नेहमी सापडतील. म्हणून फंक्शनच एका संचातून यादृच्छिकपणे निवडावं. मग कीज कोणत्याही असल्या तरी अपेक्षित वेळ स्थिर राहतो. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना हीच वाटते, कारण ती कीजच्या चांगुलपणावर काहीच सोपवत नाही.

प्रोग्रामिंग भाषांनी मात्र ती बरीच उशिरा उचलली. २००३ मध्ये क्रॉसबी आणि वॉलक या संशोधकांनी मुद्दाम टकरावणाऱ्या कीज पाठवून प्रोग्राम ठप्प करता येतो हे दाखवलं आणि पर्लने त्याच वर्षी हॅशमध्ये यादृच्छिकता आणली. इतर बहुतेक भाषा तशाच राहिल्या. डिसेंबर २०११ मध्ये क्लिंक आणि वेल्डे या सुरक्षा संशोधकांनी बर्लिनच्या एका परिषदेत हाच हल्ला पीएचपी, जावा, पायथन यांसारख्या भाषांमधल्या वेब सर्व्हरवर लागू होतो हे दाखवलं. फॉर्ममधली नावं सर्व्हर आपोआप हॅश मॅपमध्ये भरतो, त्यामुळे कीज निवडणं पाठवणाऱ्याच्या हातात असतं. त्यानंतर पीएचपीने एका विनंतीतल्या नावांवर मर्यादा घातली आणि पायथनने ३.३ पासून स्ट्रिंगच्या हॅशमधली यादृच्छिकता मुळातच चालू ठेवली.

जावाची अडचण वेगळी होती. ३१ चं सूत्र अधिकृत दस्तऐवजात छापलेलं असल्याने ते बदलता येत नव्हतं. म्हणून २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने बकेटचं रूप बदललं. साखळी साधारण ८ नोंदींच्या पुढे गेली आणि टेबलमध्ये किमान ६४ बकेट असल्या, की तिचं रेड-ब्लॅक झाड होतं, म्हणजे प्रत्येक पायरीला डावी किंवा उजवी फांदी निवडत शोधता येणारी समतोल रचना. आपल्या ६५,५३६ कीजच्या शोधात आता हजारोंऐवजी दोनेक डझन तुलना पुरतात. सुधारणा प्रचंड आहे, पण ही वाढ O(log n) ची आहे, O(1) ची नाही.

त्यालाही एक मर्यादा आहे. झाडात डावीकडे जायचं की उजवीकडे, हे ठरवायला हॅश सारखा असताना कीजमध्ये क्रम लागतो, म्हणजे वर्गाने `Comparable` पाळलेलं हवं. स्ट्रिंग ते पाळते. आपण लिहिलेल्या वर्गात ते नसेल आणि `hashCode` सगळ्यांना एकच आकडा देत असेल, तर शोधाला दोन्ही फांद्या धुंडाळाव्या लागतात आणि वेळ पुन्हा नोंदींच्या संख्येइतका वाढतो. हे मोजूनही कळतं: असा वर्ग की म्हणून घ्या, आधी १० हजार आणि मग २० हजार नोंदी भरा. खरंच O(1) असतं तर भरण्याचा वेळ दुपटीच्या आसपास गेला असता. इथे तो चौपटीकडे जातो.