चार बाजू पुरत नाहीत: मैदान मोजून नकाशाप्रमाण शिकवताना

सातवी-आठवीच्या वर्गात 'प्रमाण १:२५०' फळ्यावर लिहिलं, की मुलं त्याची व्याख्या पाठ करतात. नकाशावरचं १ एकक म्हणजे जमिनीवरची २५० एककं, एवढं सगळ्यांना येतं. पण मैदानातली ५२ मीटरची भिंत कागदावर किती लांब काढायची, असं विचारलं की निम्मा वर्ग अडतो. शाळेचं मैदान मोजून काढायचा पाठ ही अडचण सोडवतो. त्यासाठी ३५-४० मिनिटांच्या चार तासिका लागतात: एक वर्गात, एक मैदानावर, एक कागदावर आणि एक तपासणीची. यातली तपासणीची तासिका वेळ कमी पडला म्हणून गाळू नये. प्रमाण खरं समजतं ते तिथेच.

पहिल्या तासिकेत टेप हातात द्यायचाच नाही. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांची टोकं टाचण्यांनी जोडून चौकट करायला सांगायची आणि तिचा एक कोपरा ढकलायला लावायचा. चौकट तिरकी होते, पण एकाही पट्टीची लांबी बदलत नाही. म्हणजे चारही बाजू अचूक मोजल्या तरी मैदानाचा आकार ठरत नाही. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी पट्टी लावली, की चौकट हलत नाही, कारण तिचे दोन त्रिकोण झालेले असतात. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोण एकच होतो. म्हणून मैदानाचा कर्ण मोजणं सक्तीचं. शाळेचं मैदान आयताकृती असतं, हा समज बहुतेक वेळा चुकीचा निघतो. कुंपण रस्त्याच्या किंवा ओढ्याच्या कडेने गेलेलं असतं आणि कोपरे काटकोनात नसतात.

याच तासिकेत प्रत्येकाने आपलं पाऊल मोजून ठेवावं. २० मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायचं, पावलं मोजायची आणि भागाकार करायचा. हे माप ढोबळ असतं, पण दुसऱ्या दिवशी फार कामाला येतं.

मैदानावर ३० मीटरचा फायबर टेप असेल तर उत्तम. नसेल तर दर मीटरला गाठ मारलेली दोरी चालते, मात्र नायलॉनची नको, कारण ती ओढली की ताणते. पाच जणांचा गट करावा: दोघे टेपाला, एक खुणेचे खिळे सांभाळणारा, एक नोंद करणारा आणि एक कच्चा आराखडा काढणारा. आराखड्यात अंतरं बरोबर नसली तरी चालतं, पण कोपऱ्यांचा क्रम आणि झाडं-इमारतींच्या जागा खऱ्या हव्यात. तो नसेल तर नकाशा आरशातल्यासारखा उलटा काढला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाजू टेपापेक्षा लांब असेल तर दर ३० मीटरला पुढच्या मुलाने एक खिळा रोवायचा आणि मागून येणाऱ्याने तो उपटून घ्यायचा. शेवटी मागच्याच्या हातात जितके खिळे, तितके पूर्ण टेप. ही जमीन मोजणाऱ्यांची जुनी रीत आहे. ती पाळली नाही तर एखादा अख्खा टेप मोजायचा राहतो. ५२ ऐवजी २२ मीटर लिहिलं गेलं, तर पावलांचा अंदाज ती चूक लगेच पकडतो.

टेप अगदी सरळ रेषेत धरला पाहिजे यावर शिक्षक फार वेळ घालवतात. तेवढी गरज नाही. ५२ मीटरच्या रेषेत मधला खिळा १ मीटर बाजूला पडला, तरी एकूण माप जेमतेम ४ सेंटीमीटरने वाढतं. टेपाचं शून्य कुठे आहे हे मात्र नक्की बघावं. काही टेपांत ते कडीच्या टोकाला असतं, काहींत जरा पुढे छापलेलं असतं. टेपाच्या दुसऱ्या बाजूवर फूट-इंच असतील, तर ती बाजू वर आली की आकडे भलतेच येतात.

आणखी एक चूक खास आपल्या भाषेतली आहे. मराठीत आपण एकक आधी बोलतो. 'पंचेचाळीस' ऐकताना पाच आधी कानावर पडतो आणि घाईत ५४ लिहिलं जातं. त्यामुळे टेप वाचणाऱ्याने 'चार, पाच, दशांश, एक' असे सुटे अंक सांगावेत आणि नोंद करणाऱ्याने ते पुन्हा म्हणून दाखवावेत.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. मैदानाचे कोपरे ओळीने अ, ब, क, ड. मोजून मिळालेली अंतरं अशी:

| रेषा | मैदानावर (मीटर) | कागदावर (मिलिमीटर) |
|---|---|---|
| अब | ५२.० | २०८ |
| बक | ३४.२ | १३७ |
| कड | ४५.१ | १८० |
| डअ | ३१.१ | १२४ |
| कर्ण अक | ५८.८ | २३५ |
| कर्ण बड | ५८.० | २३२ |

तिसरा स्तंभ तिसऱ्या तासिकेत भरायचा. त्याआधी प्रमाण मुलांनी स्वतः निवडावं. ए-४ कागद आडवा धरला तर २९.७ सेंटीमीटर लांब आणि २१ सेंटीमीटर उंच असतो. १:१०० घेतलं तर ५२ मीटरचे ५२ सेंटीमीटर होतात, ते कागदाबाहेर जातात. १:२०० ला २६ सेंटीमीटर बसतात, पण शीर्षक, सूची आणि रेषाप्रमाणाला धड जागा उरत नाही. १:५०० ला १०.४ सेंटीमीटर होतात आणि अर्धा कागद मोकळा राहतो. म्हणून १:२५०. हा हिशेब मुलांनी केला, की प्रमाण कागद आणि जमीन दोन्ही बघून ठरवावं लागतं हे त्यांना कळतं.

१:२५० म्हणजे १ सेंटीमीटरला २.५ मीटर. मीटरला २५० ने भागून पुन्हा सेंटीमीटर करताना मुलं दशांशचिन्हात हरवतात. १ मीटर म्हणजे १००० मिलिमीटर, भागिले २५० बरोबर ४. म्हणून मीटरला ४ ने गुणलं की थेट मिलिमीटर मिळतात. हे सूत्र सांगून टाकू नये, एकदा त्यांच्याकडूनच काढून घ्यावं. कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ सेंटीमीटर, हेही इथेच दिसतं. मग मैदानावर एकेका सेंटीमीटरसाठी वाद घालायचं कारण उरत नाही, १० सेंटीमीटरपर्यंत मोजलं तरी पुरतं.

आता आखणी. कागदाच्या खालच्या कडेपासून ४ सेंटीमीटर वर अब ही २०८ मिलिमीटरची रेषा काढायची. क मिळवायला अ पासून २३५ आणि ब पासून १३७ मिलिमीटरचा कंस हवा. इथे सगळा वर्ग थांबतो, कारण कंपासपेटीतला कंपास साडेतेवीस सेंटीमीटर उघडत नाही. त्यासाठी दोरा वापरू नये, तो ताणतो. पुठ्ठ्याची २ सेंटीमीटर रुंदीची लांब पट्टी घ्यावी, एका टोकाला टाचणी टोचावी, हव्या त्या अंतरावर भोक पाडून त्यात पेन्सिलीचं टोक घालावं आणि पट्टी फिरवावी. दोन कंस छेदतात तिथे क. मग अ पासून १२४ आणि क पासून १८० मिलिमीटरचे कंस काढून ड मिळवायचा. हे कंस अक रेषेच्या दोन्ही बाजूंना छेदतात. त्यातला ब च्या विरुद्ध बाजूचा बिंदू घ्यायचा.

दुसरा कर्ण बड आखणीत कुठेच वापरलेला नाही. तो तपासणीसाठी राखून ठेवलेला आहे. चौथ्या तासिकेत कागदावर पट्टी लावून बड मोजायचा. २३२ च्या आसपास २ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल. जास्त असेल तर चूक शोधायची. समजा कड ४५.१ ऐवजी ५४.१ लिहिलं गेलं. चौकोन तरीही व्यवस्थित जुळतो, डोळ्यांना काही खटकत नाही, पण बड २६२ मिलिमीटर भरतो. तीन सेंटीमीटरचा फरक चूक उघडी पाडतो. डअ जर ३१.१ ऐवजी १३.१ लिहिलं असेल तर कंस छेदतच नाहीत, कारण १३.१ आणि ४५.१ यांची बेरीज ५८.८ पेक्षा कमी भरते.

एक चूक मात्र कर्णालाही सापडत नाही. दोरीच ताणलेली असेल आणि तिचे ३० मीटर प्रत्यक्षात ३०.६ असतील, तर प्रत्येक माप २ टक्के कमी येतं. ५२ चे ५१ होतात, कर्णही त्याच हिशेबाने कमी होतो आणि सगळे त्रिकोण सुरेख जुळतात. आकार बरोबर, पण कागदावर लिहिलेलं १:२५० खोटं, खरं प्रमाण १:२५५. म्हणून दोरी मोजणीच्या आधी आणि नंतर वर्गातल्या मीटरपट्टीशी ताडून बघावी.

आतल्या वस्तू दोन कोपऱ्यांपासून मोजून बसवता येतात. ध्वजस्तंभ अ पासून २३.६ आणि ब पासून ३५.९ मीटरवर आहे, तर ९४ आणि १४४ मिलिमीटरचे कंस काढले की त्याची जागा मिळते. हीच रीत भिंतीलगतच्या कडुनिंबाला लावली की फसते. तो अब भिंतीपासून दीड मीटर आत, अ पासून २७.०४ आणि ब पासून २५.०४ मीटरवर आहे. मापं २७.० आणि २५.० अशी लिहिली, तर त्यांची बेरीज नेमकी ५२ होते आणि झाड थेट भिंतीत जाऊन बसतं. चार सेंटीमीटरच्या तडजोडीने झाड दीड मीटर सरकलं, कारण तिथे कंस एकमेकांना जवळजवळ घासून जातात. अशा वेळी भिंतीच्या कडेने २७ मीटर जाऊन तिथून काटकोनात दीड मीटर मोजावं.

स्तंभाची जाडी या प्रमाणात पेन्सिलीच्या रेघेएवढीही भरत नाही, म्हणून त्याला चिन्ह द्यावं लागतं. १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशावर तर आपली ५२ मीटरची भिंतच जेमतेम १ मिलिमीटर होते. २५० हा आकडा लहान असूनही १:२५० ला बृहद् प्रमाण का म्हणतात, ते मुलांना इथे दाखवावं.

क्षेत्रफळ काढताना हमखास एक चूक होते. आलेख कागदावर हे मैदान सुमारे २५२ चौरस सेंटीमीटर भरतं. मुलं त्याला २.५ ने गुणून ६३० चौरस मीटर लिहितात. पण १ चौरस सेंटीमीटर म्हणजे २.५ गुणिले २.५, म्हणजे ६.२५ चौरस मीटर. खरं उत्तर सुमारे १५७५ चौरस मीटर. ३३ फूट लांब-रुंद जागेचा एक गुंठा, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्या हिशेबाने हे मैदान साडेपंधरा गुंठ्यांचं. गुंठ्यात सांगितलं की शेतकरी घरातल्या मुलांना आकडा लगेच पटतो किंवा खटकतो.

शेवटी नकाशाखाली रेषाप्रमाण काढून घ्यावं: ४ सेंटीमीटरला १० मीटर, असे दोन भाग, आणि शून्याच्या डावीकडे आणखी १० मीटरचे ८-८ मिलिमीटरचे पाच तुकडे. मग तयार नकाशाची निम्म्या मापाची झेरॉक्स काढून मुलांच्या हाती द्यावी आणि तिच्यावरून अब भिंत मोजायला सांगावी. छापलेल्या १:२५० वर विसंबणाऱ्यांना भिंत २६ मीटरची मिळेल. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच आक्रसलेलं असतं, त्यामुळे त्यावरून मोजणाऱ्यांना ५२ मीटरच मिळतील. या झेरॉक्सवर कोणतं अंकप्रमाण लिहायला हवं होतं, हा प्रश्न विचारावा आणि १:५०० हे उत्तर वर्गातून येईपर्यंत थांबावं.