विमान तिकीट किंवा हॉटेल बुकिंग रद्द केल्यावर रिफंड: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

बुकिंग रद्द झाल्याचा ईमेल आला की आता पैसे येतीलच, असं बहुतेक जण धरून चालतात. विमानाच्या बाबतीत तसं होईलच असं नाही. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे जागेचं आरक्षण, तर १३ अंकी ई-तिकीट क्रमांक म्हणजे तुम्ही भरलेल्या पैशांचा दस्तऐवज. पीएनआर रद्द झाला तरी तिकीट तसंच उघडं पडून राहू शकतं. अशा वेळी रिफंडची विनंती वेगळी नोंदवावी लागते. साइटवर रद्द करताना ‘रिफंड’ हा पर्याय किंवा परताव्याची रक्कम कुठेच दिसली नाही, तर फक्त जागा सुटली असण्याची शक्यता धरा आणि लगेच चौकशी करा.

किती पैसे मिळू शकतात?

याचं उत्तर तिकिटाच्या भाडे-नियमांत असतं. रद्द करण्याआधी ते उघडून रद्द शुल्क किती, मुदत कधीपर्यंत आणि विमानाला हजरच न राहिल्यास काय, हे पाहून घ्या. या तिसऱ्या स्थितीला ‘नो-शो’ म्हणतात. त्यात अनेक भाडेप्रकारांत परताव्याचा हक्क कमी होतो किंवा जातोच. म्हणून प्रवास होणार नाही हे नक्की असेल, तर उड्डाणाआधी, नियमात दिलेल्या वेळेच्या आत रद्द करा.

समजा, एका तिकिटाचे एकूण १०,००० भरले. त्यात मूळ भाडं ६,०००, विमान कंपनीचा अधिभार १,५००, विमानतळ शुल्क व कर २,००० आणि बुकिंग साइटचं सेवाशुल्क ५००. भाडे-नियमात रद्द शुल्क ३,५०० असून अधिभार परत मिळतो असं लिहिलंय. मग भाडं आणि अधिभार मिळून ७,५०० मधून ३,५०० वजा होऊन ४,००० राहतात. त्यात कराचे २,००० मिळवले की ६,०००. साइटने रद्द करण्याचे स्वतःचे ४०० कापले, तर हातात ५,६००. सेवाशुल्क सहसा परत येत नाही.

हेच तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असतं तर? अशा तिकिटावरही, प्रवास न झाल्यामुळे न लागू झालेले प्रवासी कर आणि विमानतळ शुल्क बऱ्याचदा मागता येतात. सगळेच कर यात बसत नाहीत, शिवाय काही कंपन्या ते मागितल्याशिवाय देत नाहीत. मात्र साइटचं रद्द शुल्क त्या करापेक्षा जास्त असेल, तर अर्ज करण्यात अर्थ नाही. हा हिशेब आधीच करा.

उड्डाण कंपनीनेच रद्द केलं असेल तर

इथे घाईने स्वतः ‘रद्द करा’ दाबू नका. तसं केलं की तो तुमचा निर्णय ठरून शुल्क कापलं जाऊ शकतं. कंपनीचा संदेश जपून ठेवा आणि अर्जात ‘कंपनीने रद्द केल्यामुळे पूर्ण रिफंड’ असं स्पष्ट लिहा. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार अशा वेळी सात दिवसांत पैसे परत करायचे असतात, आणि पैशांऐवजी व्हाउचर देण्यासाठी प्रवाशाची लेखी सहमती लागते. इतर ठिकाणी तिथले नियम पाहा. पण व्हाउचर स्वीकारल्यावर रोख रक्कम मागणं सगळीकडेच अवघड जातं.

हॉटेल

‘अमुक तारखेपर्यंत मोफत रद्द’ ही मुदत सहसा हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजतात. तुमच्या घड्याळात अजून दुपार असेल आणि तिथे मुदत उलटून गेलेली असेल, असं सहज होतं. रद्द केल्यावर मिळणारा रद्द क्रमांक हाच मुख्य पुरावा. फोनवर रद्द केलं असेल तर तो ईमेलने मागवून घ्या. ‘हॉटेलवर पैसे भरा’ प्रकारात कार्डावर रक्कम फक्त अडवून ठेवलेली असू शकते. ती सुटते तेव्हा रिफंडची वेगळी नोंद दिसत नाही, अडवलेला व्यवहार नुसता नाहीसा होतो.

अर्ज कुठे आणि कशासह

कार्डाच्या स्टेटमेंटवर पैसे घेणारा म्हणून ज्याचं नाव आहे, त्याच्याकडे. एजंटने पैसे घेतले असतील तर विमान कंपनी तुम्हाला परत त्याच्याकडेच पाठवेल. अर्जाला ई-तिकीट किंवा हॉटेलचं व्हाउचर, रद्द झाल्याची पावती, बुकिंगच्या वेळचा रद्द-धोरणाचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याचा पुरावा जोडा. धोरणाचं पान नंतर बदलू शकतं, म्हणून स्क्रीनशॉट बुकिंगच्याच दिवशी घेतलेला बरा. आजारपण किंवा मृत्यूच्या कारणाने सवलत मागत असाल, तर त्याची कागदपत्रंही लागतात.

पैसे मूळ कार्डावर किंवा खात्यातच येतात. ‘रिफंड पाठवला’ असं उत्तर येऊनही खात्यात काही दिसत नसेल, तर त्यांच्याकडून एआरएन, म्हणजे कार्ड-व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा. त्यावरून बँक रक्कम शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल, तर बहुधा रिफंड निघालेलाच नसतो. लेखी पाठपुरावा करूनही देय रक्कम मिळाली नाही, तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून ‘प्रक्रिया चालू आहे’ या उत्तरावर महिनोन्‌महिने थांबू नका.