बीपी दोनशेच्या वर गेलं, तरी घाईने उतरवू नका

उदाहरणासाठी बासष्ट वर्षांच्या एक काकू घेऊ. बीपीची गोळी वर्षानुवर्षं चालू होती, पण घरातल्या लग्नाच्या गडबडीत ती संपली आणि दोन आठवडे आणायचीच राहिली. मान जड वाटते म्हणून घरच्या मशिनवर बघितलं, तर २०४/११६. घरात एकदम धावपळ उडते आणि कोणीतरी सुचवतं, "निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्या, लगेच उतरेल."

१८०/१२०च्या वरचा आकडा गंभीरच असतो. पण रात्रीच्या रात्री हॉस्पिटल गाठायचं की नाही, हे एकट्या आकड्यावर ठरत नाही. त्या दाबामुळे मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे किंवा महाधमनी यांना आत्ता, या क्षणी इजा होते आहे का, हे बघावं लागतं. इजा होत असेल तर ती 'हायपरटेन्सिव्ह इमर्जन्सी'. नुसताच आकडा वर असेल तर 'अर्जन्सी'.

इजेच्या खुणा बहुतेकदा घरातही ओळखता येतात. छातीत दुखणं किंवा दाटणं, आडवं पडलं की दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं, असंबद्ध बोलणं किंवा गुंगी, झटका, अचानक अंधुक दिसणं, उलट्यांसह असह्य डोकेदुखी, छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ, लघवी फार कमी होणं. यातलं एकही दिसलं तर १०८ला फोन करून थेट हॉस्पिटलमध्ये जायचं. गरोदर बाईचं किंवा बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यातलं बीपी १६०/११० झालं, तर दुसरं कुठलंही लक्षण नसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

काकूंना यातलं काही नाही. अशा वेळी त्यांना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसू द्यायचं आणि दंड छातीच्या पातळीवर ठेवून पुन्हा मोजायचं. आकडा तरीही तसाच राहिला तर डॉक्टरांना फोन करायचा. ते बहुधा बंद पडलेली गोळी पुन्हा चालू करतील आणि एक-दोन दिवसांत तपासायला बोलावतील. बीपी हळूहळू, काही दिवसांत खाली येईल.

इतका धीर का धरायचा, हे मेंदूच्या रक्तपुरवठ्यावरून कळतं. बीपी थोडं वर-खाली झालं तरी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावून रक्ताचा प्रवाह जवळपास सारखा ठेवतात. या सांभाळण्याला मर्यादा असते. निरोगी माणसात सरासरी दाब साधारण ६०पर्यंत उतरला तरी निभावतं. पण वर्षानुवर्षं बीपी असलेल्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि ही खालची मर्यादा वर सरकते, कित्येकदा ११०च्या आसपास जाते.

आता काकूंचा हिशोब करू. खालच्या आकड्याची दुप्पट अधिक वरचा आकडा, भागिले तीन, म्हणजे सरासरी दाब. २०४/११६चा तो १४५ येतो. कॅप्सूलने बीपी १२०/७०वर आणलं तर सरासरी दाब उरतो ८७. मशिनवर आकडा अगदी छान दिसतो, पण काकूंच्या मेंदूला तेवढ्या दाबात पुरेसं रक्त मिळत नाही. चक्कर, बेशुद्धी, प्रसंगी पक्षाघात होऊ शकतो. दाब कोसळला की हृदय जोरात धडधडू लागतं, त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका त्याचाच रक्तपुरवठा घटतो, त्यामुळे हार्ट अटॅकही येऊ शकतो. या कॅप्सूलने दाब किती उतरेल याचा अंदाज नसतो आणि एकदा पोटात गेलेलं औषध परत काढता येत नाही. या वापरानंतर झालेले पक्षाघात, हार्ट अटॅक आणि मृत्यू मांडून १९९६ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाने ही पद्धत थांबवण्याची मागणी केली. तरीही हा सल्ला आजही ऐकू येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

खऱ्या इमर्जन्सीतही आयसीयूमध्ये औषध शिरेतून, थेंबाथेंबाने देतात, म्हणजे हवं तेव्हा कमी करता येतं. पहिल्या तासात सरासरी दाब पंचवीस टक्क्यांहून जास्त उतरवत नाहीत. १४५मधून पंचवीस टक्के वजा केले की साधारण १०९ उरतात, म्हणजे त्या खालच्या मर्यादेच्या जवळपास. पुढच्या काही तासांत १६०/१००पर्यंत, आणि नॉर्मलला यायला एक-दोन दिवस.

याला अपवाद आहेत. महाधमनीचा आतला पदर फाटला असेल तर वरचा आकडा तासाभरात १२०च्या खाली आणावा लागतो, नाहीतर चीर वाढत जाते. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल तर नेमकं उलटं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२०पर्यंतचं बीपी बहुधा तसंच राहू देतात, कारण अर्धमेल्या भागाला रक्त पोहोचतं ते त्याच दाबावर. आणि पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून तोंड वाकडं झालेल्या माणसाला हॉस्पिटलला नेताना वाटेत बीपीची जादा गोळी देऊ नये.