खरेदीदाराची डेबिट नोट आणि उत्पादकाची क्रेडिट नोट: एकाच परतीचे दोन कागद

सदोष माल परत आला की उत्पादकाकडून खरेदीदाराला एक ईमेल जातो. माल मिळाला, दोष मान्य आहे, सोबत क्रेडिट नोट जोडली आहे. ईमेल चार ओळींचा असतो, पण त्याआधी बहुतेक वेळा खरेदीदाराने स्वतःची डेबिट नोट पाठवलेली असते. माल तोच, बिल तेच, दोन्ही कागदांवर वजाबाकीचीच रक्कम. त्यामुळे दोन्ही कागद सारखेच वाटतात आणि हिशेबात दोन्ही धरले जातात. मी बरीच वर्षे उत्पादकाच्या बाजूने पार्ट्यांची खाती जुळवली आहेत, आणि परतीच्या मालावरून झालेले वाद मालापेक्षा या दोन कागदांवरूनच जास्त पाहिले आहेत.

फरक मुळात असा आहे. डेबिट नोट म्हणजे खरेदीदाराचे मागणे. त्याच्या वहीत उत्पादकाचे खाते नावे पडते, म्हणजे ‘तुमचे देणे मी एवढ्याने कमी धरतो आहे’ असे तो कळवतो. क्रेडिट नोट म्हणजे उत्पादकाची मान्यता. त्याच्या वहीत खरेदीदाराचे खाते जमा होते, म्हणजे ‘तुमच्याकडचे माझे येणे मी एवढ्याने सोडले’. एकाच घटनेच्या या दोन नोंदी दोन वेगळ्या वह्यांतल्या आहेत. नावे आणि जमा हे शब्द एकमेकांच्या उलट दिसतात, ते वही कोणाची आहे यावरून. म्हणून डेबिट नोट हाती आली की आधी ती कोणी काढली ते पाहावे. उत्पादकही डेबिट नोट काढू शकतो, उदाहरणार्थ बिलात दर कमी लागला असेल तर. तिचा परतीशी काही संबंध नसतो.

मागणे आणि मान्यता यांची रक्कम सारखी असेलच असे नाही. एक व्यवहार शेवटपर्यंत करून पाहू.

उत्पादकाने ६०० पोलादी बुश पाठवले. छापील दर नगाला ५०, ठरलेली सूट १० टक्के, म्हणजे निव्वळ दर ४५. मालाचे २७,००० झाले, त्यावर कर १० टक्के धरू, म्हणजे २,७००. बिल २९,७०० चे. खरेदीदाराच्या जोडणी विभागाने ८० बुश बाजूला काढले, कारण ते दांड्यावर सैल बसत होते. त्यांनी ते परत पाठवले आणि ४,४०० ची डेबिट नोट लावली. हिशेब असा: ८० नग गुणिले ५०, म्हणजे ४,०००, आणि त्यावर कर ४००.

माल उत्पादकाकडे पोचल्यावर पहिले काम मोजणीचे, दुसरे तपासणीचे. बुशाचे भोक २० मिलिमीटरचे आहे आणि ड्रॉइंगप्रमाणे ते २०.००० ते २०.०२१ च्या आत हवे. हे पाहायला प्लग गेज वापरतात. त्याचे एक टोक ‘गो’, ते भोकात जायलाच हवे. दुसरे ‘नो-गो’, ते अडायला हवे. तपासनीस बुश स्वच्छ पुसून नो-गो टोक तोंडाशी टेकवतो. जोर लावायचा नसतो, हाताच्या हलक्या दाबाने गेज आत गेले तर भोक मोठे झाले आहे. ८० पैकी ७४ बुशांत नो-गो टोक आत गेले. सहा बुशांत ते अडले आणि गो टोक नीट गेले. ते सहा चांगले होते. अशा बुशांच्या बाबतीत दांडाच बारीक आहे का, हे खरेदीदाराने पाहायला हवे.

आता क्रेडिट नोट किती रकमेची? मान्य झालेले ७४ नग, आणि दर बिलातला निव्वळ, म्हणजे ४५. त्याचे ३,३३०, त्यावर त्याच बिलातल्या दराने कर ३३३, एकूण ३,६६३. मागणे ४,४०० चे, मान्यता ३,६६३ ची. फरक ७३७. यातले २९७ सहा चांगल्या बुशांचे, करासह. उरलेले ४४० हे खरेदीदाराने सूट न धरता छापील दर लावल्यामुळे. लबाडी कोणीही केलेली नाही. परतीची चिठ्ठी स्टोअरमधून निघते, तिथे दरपत्रक हाताशी असते आणि बिल नसते, एवढेच. ही चूक फार नेहमीची आहे.

या टप्प्यावर ईमेल कसा लिहिला जातो यावर पुढचे सगळे अवलंबून असते. घाईत लिहिलेला ईमेल असा असतो: ‘आपली डेबिट नोट मान्य आहे. क्रेडिट नोट सोबत जोडत आहोत.’ पहिल्या वाक्याने ४,४०० मान्य केले, जोडलेल्या कागदाने ३,६६३. खरेदीदाराच्या लेखापालाने कशावर विश्वास ठेवायचा? माझ्या मते ‘डेबिट नोट मान्य’ हे शब्द या ईमेलात येऊच नयेत, रक्कम योगायोगाने जुळली असली तरी. मान्य काय आहे तर इतके नग आणि इतका दोष.

मी लिहायचो तो नमुना असा:

‘सप्रेम नमस्कार. आपण परत पाठवलेले ८० बुश आम्हाला मिळाले. तपासणीत ७४ नगांचे भोक ड्रॉइंगपेक्षा मोठे आढळले. हा दोष आमचा आहे आणि ते नग आम्ही परत घेत आहोत. झालेल्या खोळंब्याबद्दल दिलगीर आहोत. उरलेले ६ नग मापात आहेत, तपासणी अहवाल सोबत आहे. मूळ बिलातील निव्वळ दराने ७४ नगांची ३,६६३ रकमेची क्रेडिट नोट जोडली आहे. आपली याच मालाची ४,४०० ची डेबिट नोट या क्रेडिट नोटने निकाली निघते. कृपया दोन्ही वेगवेगळ्या धरू नयेत आणि फरकाचे ७३७ आपल्या नोंदीत उलटवावेत. ६ नगांबाबत आपले म्हणणे वेगळे असल्यास कळवावे, तोवर ते बाजूला ठेवले आहेत.’

मूळ बिलाचा, डेबिट नोटचा आणि क्रेडिट नोटचा क्रमांक व तारीख या मजकुरात त्या त्या जागी यायलाच हवी. वाचायच्या सोयीसाठी मी इथे गाळली आहे. सगळ्यात मोलाचे वाक्य ‘निकाली निघते’ हे आहे. ते नसेल तर काय होते?

खरेदीदाराने डेबिट नोट लावली त्याच दिवशी उत्पादकाचे देणे ४,४०० ने कमी केले. वहीत शिल्लक राहिली २५,३००. दोन आठवड्यांनी क्रेडिट नोट आली. ती बहुधा दुसऱ्याच माणसाच्या हाती पडते. त्याला समोर उत्पादकाचा कागद दिसतो, त्यावर ‘क्रेडिट’ लिहिलेले असते, आणि तो ३,६६३ पुन्हा वजा करतो. वहीत शिल्लक २१,६३७. उत्पादकाच्या वहीत मात्र २९,७०० वजा ३,६६३, म्हणजे २६,०३७ येणे आहे. महिनाअखेरीस खातेउतारे समोरासमोर आले की फरक निघतो ४,४०० चा.

हा आकडाच सगळे सांगून जातो. दोन उताऱ्यांतला फरक डेबिट नोटच्या रकमेशी नेमका जुळला, तर एकच परती दोनदा वजा झाली आहे हे जवळपास नक्की समजावे. फरक ७३७ चा असेल, तर दुहेरी नोंद नाही, मागणे आणि मान्यता यांतले अंतर मिटायचे राहिले आहे. पहिल्यात खरेदीदाराच्या लेखापालाला डेबिट नोटची नोंद रद्द करायला सांगितले की काम झाले. दुसऱ्यात त्या सहा बुशांबद्दल आणि दराबद्दल बोलावे लागते, आणि ते बोलणे लेखापालाशी नाही, खरेदी विभागाशी करावे लागते. मी सुरुवातीच्या काळात दोन्हींसाठी एकच ‘फरक तपासून कळवावे’ असा ईमेल पाठवायचो आणि उत्तराची वाट पाहत बसायचो. नेमका कोणता कागद दोनदा आला आहे हे लिहायला लागल्यापासून उत्तरे वेळेत यायला लागली.

दोन्ही वह्या जुळवायच्या तर खरेदीदाराने एक तर स्वतःची डेबिट नोट पूर्ण रद्द करून क्रेडिट नोट नोंदवावी, किंवा डेबिट नोट ठेवून ती ७३७ ने कमी करावी आणि क्रेडिट नोट फक्त पुरावा म्हणून फाइलला लावावी. मला पहिला मार्ग बरा वाटतो. अनेक करव्यवस्थांत विक्रीवरचा कर कमी दाखवायला विक्रेत्याची क्रेडिट नोट लागते, आणि खरेदीदारानेही आधी घेतलेली तेवढी करसवलत त्याच आकड्याने परत करायची असते. त्यासाठी क्रेडिट नोटवर मालाची रक्कम आणि कर वेगवेगळे दिसले पाहिजेत. नुसते ३,६६३ लिहून भागत नाही.

क्रेडिट नोट म्हणजे पैसे परत नव्हेत, हेही ईमेलात एका वाक्यात यावे. बिल भरायचे राहिले असेल तर रक्कम त्यातून वळती होते. बिल भरून झाले असेल तर ती खात्यात जमा राहते, आणि पुढच्या बिलातून कापायची की रोख परत हवी, हे खरेदीदाराला विचारावे लागते.

खोट आणखी एका जागी खावी लागते. खरेदीदाराला बुश हवेच असतात, म्हणून ईमेलात ‘७४ नग बदलून पाठवत आहोत’ असेही लिहिले जाते. क्रेडिट नोट दिल्यावर नवे नग बिनमोल गेले, तर एकाच दोषाची भरपाई दोनदा होते. क्रेडिट नोट दिली असेल तर नव्या ७४ नगांचे नवे बिल व्हावे. बदली नग फुकट द्यायचे असतील तर मालाच्या किमतीची क्रेडिट नोट काढायची गरज नसते, डेबिट नोट मात्र खरेदीदाराने मागे घ्यायला हवी.

आणि ते सहा चांगले बुश. खरेदीदाराला तपासणी पटली की ते परत जातात, पण नव्या बिलाबरोबर नाही. त्यांची विक्री मूळ ६०० च्या बिलात आहे आणि क्रेडिट नोटमध्ये ते धरलेलेच नाहीत. त्यांच्यासोबत फक्त डिलिव्हरी चलन जाते, त्यावर मूळ बिलाचा क्रमांक आणि ‘तपासून परत, किंमत आकारलेली नाही’ असा शेरा.