मुदत संपलेल्या प्रमाणपत्राची स्वाक्षरी

ठाण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेला तिच्या वास्तुविशारदाने 10 जून 2021 रोजी गळतीच्या तपासणीचा अहवाल डिजिटल स्वाक्षरी करून पीडीएफ स्वरूपात पाठवला, असे समजू. त्याचे स्वाक्षरीचे प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण बोलताना डीएससी म्हणतो ते, 5 मे 2021 रोजी काढलेले आणि दोन वर्षांच्या मुदतीचे होते. डिसेंबर 2021 मध्ये ते ज्यात साठवले होते ते यूएसबी टोकन हरवले आणि त्याने प्रमाणपत्र रद्द करून घेतले. आता बिल्डरशी वाद उभा राहिला आहे, अहवाल पुन्हा उघडायची वेळ आली आहे आणि प्रमाणपत्र रद्द तर झालेच आहे, शिवाय त्याची मुदतही उलटून गेली आहे. अशी स्वाक्षरी ग्राह्य धरायची का?

फाइलमधले एक अक्षरही बदललेले नाही, हे आजही तपासता येते, कारण स्वाक्षरीमागचे गणित प्रमाणपत्राच्या तारखेवर अवलंबून नसते. अडचण वेगळीच आहे. स्वाक्षरी टोकन हरवण्यापूर्वी वास्तुविशारदाने केली, की ज्याला ते सापडले त्याने नंतर संगणकाचे घड्याळ जूनमध्ये मागे नेऊन केली, हे निव्वळ स्वाक्षरीवरून ओळखता येत नाही. टोकनला पिन असतो हे खरे, पण पिनची चिठ्ठी टोकनलाच चिकटवून ठेवणारी कार्यालये आपण सर्वांनी पाहिली आहेत. स्वाक्षरीत तारीख नोंदलेली असते, मात्र ती स्वाक्षरी करणाऱ्याच्याच संगणकाने सांगितलेली असते. अ‍ॅक्रोबॅट रीडर तशी कबुली `Signing time is from the clock on the signer's computer.` या वाक्यात देतो.

तारखेची साक्ष त्रयस्थाने द्यावी, हा यावरचा उपाय आहे. त्याची पद्धत 2001 साली RFC 3161 या मानकात ठरली. स्वाक्षरी तयार होताच सॉफ्टवेअर त्या स्वाक्षरीचा हॅश, म्हणजे तिच्यापासून गणिताने काढलेला छोटा ठसा, टाइमस्टॅम्प देणाऱ्या सर्व्हरकडे पाठवते. तो सर्व्हर ठशाला आपल्या खात्रीच्या घड्याळातली वेळ जोडतो, दोन्हींवर मिळून स्वतःची स्वाक्षरी करतो आणि ती परत पाठवतो. मूळ अहवाल त्याला दिसतच नाही, त्यामुळे गोपनीय कागदांनाही ही पद्धत चालते. ठसा कागदाचा नसून स्वाक्षरीचा असतो, ही बाब महत्त्वाची आहे: त्यावरून ‘ही स्वाक्षरी या क्षणी अस्तित्वात होती’ एवढे नेमके सिद्ध होते.

हे उत्तर फाइलमध्ये कुठे बसते, ते पाहण्यासारखे आहे. स्वाक्षरी केलेली पीडीएफ साध्या मजकुराच्या संपादकात उघडली, तर अशा प्रकारची ओळ सापडते:

```
/ByteRange [0 840 17226 3014]
```

याचा अर्थ असा, की स्वाक्षरी सुरुवातीच्या 840 बाइट्सवर आणि 17226 व्या स्थानापासूनच्या 3014 बाइट्सवर आहे. मधली 16386 बाइट्सची फट स्वाक्षरीसाठीच मोकळी सोडलेली असते, कारण स्वाक्षरी स्वतःवरच करता येत नाही. टाइमस्टॅम्प याच फटीत, स्वाक्षरीच्या शेजारी जाऊन बसतो. फटीचा आकार आधीच ठरवावा लागत असल्यामुळे, ज्या सॉफ्टवेअरने जागा बेताची ठेवलेली असते ते टाइमस्टॅम्प सुरू करताच स्वाक्षरी करायला नकार देते, आणि वापरणारा बिचारा टोकन काढून पुन्हा लावत बसतो.

मात्र वेळ कळली म्हणून काम संपत नाही. त्या वेळी प्रमाणपत्र रद्द झालेले नव्हते, हेही दाखवावे लागते. ही माहिती प्रमाणपत्र देणारी संस्था रद्द प्रमाणपत्रांच्या यादीतून, म्हणजे सीआरएलमधून, किंवा थेट विचारल्यावर मिळणाऱ्या ओसीएसपी उत्तरातून देते. प्रमाणपत्राची मुदत संपल्यानंतर त्याची नोंद या यादीतून काढून टाकण्याची मुभा संस्थेला असते, आणि काही वर्षांनी यादीचा पत्ताच बंद पडू शकतो. म्हणून हे पुरावे उपलब्ध आहेत तोवर पीडीएफमध्येच भरून ठेवायचे असतात. त्यासाठी फाइलच्या शेवटी डीएसएस नावाचा एक कोश जोडला जातो. त्यात मूळ संस्थेपर्यंतची सगळी प्रमाणपत्रे, याद्या आणि उत्तरे राहतात. पीडीएफमध्ये जुन्या भागाला हात न लावता शेवटी भर घालता येते, त्यामुळे मूळ स्वाक्षरी मोडत नाही.

इथे घाई नडते. 10 जूनला स्वाक्षरी करून त्याच मिनिटाला घेतलेली यादी कदाचित आदल्या दिवशी प्रसिद्ध झालेली असेल. ती 10 तारखेच्या सकाळी रद्द झालेल्या प्रमाणपत्राविषयी काहीच सांगणार नाही. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा माणूस टाइमस्टॅम्पच्या वेळेनंतरची यादी येईपर्यंत थांबतो आणि मगच ती भरतो.

आधार ई-साइनच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. तिथे प्रमाणपत्राची मुदत फार तर 30 मिनिटांची असते आणि स्वाक्षरी करण्याची गुप्त किल्ली एकदा वापरून नष्ट केली जाते. म्हणजे सकाळी केलेली प्रत्येक ई-स्वाक्षरी दुपारच्या जेवणापर्यंत ‘मुदत संपलेल्या प्रमाणपत्राची’ झालेली असते. वेळेचा विश्वासार्ह पुरावा नसेल, तर तिची तपासणी कशाच्या आधारे करायची?

आपल्या अहवालात हे सगळे भरलेले असेल, तरी एक धागा मोकळा राहतो. टाइमस्टॅम्प हीदेखील एक स्वाक्षरीच आहे. तिच्याही प्रमाणपत्राला मुदत आहे आणि तिच्यामागचा हॅशही म्हातारा होतो. फेब्रुवारी 2017 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या आणि गूगलच्या संशोधकांनी SHA-1 या हॅशचा ठसा तंतोतंत सारखा असलेल्या दोन वेगळ्या फाइल्स प्रसिद्ध केल्या, आणि त्या दोन्ही पीडीएफच होत्या. म्हणून जुना टाइमस्टॅम्प धड असतानाच संपूर्ण फाइलवर, आत भरलेल्या पुराव्यांसकट, अधिक बळकट हॅशचा नवा टाइमस्टॅम्प घ्यावा लागतो. नंतर त्याचीही मुदत जवळ आली की आणखी एक. युरोपीय पीएडीईएस मानकात या पायऱ्यांना B-T, B-LT आणि B-LTA अशी नावे आहेत: आधी वेळ, मग पुरावे, मग नूतनीकरण.

अ‍ॅक्रोबॅटमध्ये स्वाक्षरीचा फलक उघडल्यावर `Signature is LTV enabled` असे दिसले, तर एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. LTV म्हणजे दीर्घकाळ तपासता येणे, पण ते अडोबीचे स्वतःचे लेबल आहे आणि मुख्यतः रद्द-माहिती आत भरली असल्याचे सांगते. वेळ त्रयस्थाची आहे का, हे `The signature includes an embedded timestamp` या ओळीवरून वेगळे पाहावे लागते. भारतीय स्वाक्षऱ्यांवर अनेकदा दिसणारे पिवळे प्रश्नचिन्ह ही आणखी तिसरी गोष्ट: प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणाऱ्या आपल्या सरकारी सीसीए कार्यालयाचे मूळ प्रमाणपत्र त्या संगणकावर विश्वासार्ह मानलेले नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. आणि ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून साठवलेल्या प्रतीत तर स्वाक्षरी उरतच नाही, उरते ते फक्त तिचे चित्र.

संस्थेकडच्या फाइलमध्ये 10 जून 2021 चा टाइमस्टॅम्प आणि त्यानंतरची यादी असेल, तर डिसेंबरमध्ये रद्द झालेल्या प्रमाणपत्रामुळे अहवालाला बाधा येत नाही. तो नसेल आणि संस्थेच्या सचिवांनी आज घाईने टाइमस्टॅम्प लावून घेतला, तर त्यावरून ही फाइल आज अस्तित्वात होती इतकेच सिद्ध होईल. आणि आजच्या कितीतरी आधी, डिसेंबर 2021 मध्येच, टोकन हरवलेले आहे.