द्वितीया की चतुर्थी? स्पॅनिश सर्वनामांची छोटी चाचणी

शाळेत पाठ केलेला विभक्तीचा तक्ता आठवा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. दोन्ही ओळी अगदी सारख्या! 'मी कार्मेनला पाहिलं' आणि 'मी कार्मेनला पुस्तक दिलं' या वाक्यांत 'कार्मेनला' कुठेच बदलत नाही. स्पॅनिशमध्येही नाम असेपर्यंत फारसं वेगळं नाही, दोन्हीकडे व्यक्तीच्या नामाआधी 'आ' लागतो. फरक दिसतो तो नाम काढून सर्वनाम आणल्यावर, आणि तोही फक्त तृतीय पुरुषात. 'मला', 'तुला', 'आम्हाला' यांसाठी मे, ते, नोस दोन्हीकडे चालतात. मात्र 'तिला' म्हणायचं तर प्रत्यक्ष कर्माला ला, अप्रत्यक्ष कर्माला ले. 'त्याला'साठी लो आणि ले.

आता उत्तरं न पाहता सोडवा.

१. बी आ कार्मेन. (मी कार्मेनला पाहिलं.) कार्मेनच्या जागी सर्वनाम घाला.
२. एस्पेरो आ कार्मेन. (मी कार्मेनची वाट पाहतो.) तसंच करा.
३. ___ दी एल लीब्रो आ कार्मेन. (मी कार्मेनला पुस्तक दिलं.) गाळलेली जागा भरा.
४. तिसऱ्याच वाक्यात पुस्तक आणि कार्मेन, दोन्ही सर्वनामांनी सांगा.
५. दासेलो. (ते तिला दे.) याचं नकारार्थी रूप करा.

उत्तरं

१. ला बी. इथे 'ले बी' लिहिणारे पुष्कळ भेटतात, कारण मराठीतला 'ला' ऐकताच डोक्यात 'कोणाला तरी' येतं आणि हात 'ले'कडे वळतो. ओळखायची एक सोपी युक्ती आहे: वाक्य कर्मणी करून पाहा. 'कार्मेन पाहिली गेली' हे जरा अवघडलेलं वाटेल, पण अर्थ तोच राहतो, म्हणून ती प्रत्यक्ष कर्म. आता 'दिलं'वर हाच प्रयोग करा. 'कार्मेन दिली गेली' म्हटलं की पुस्तकाऐवजी बिचारी कार्मेनच कुणाच्या तरी हवाली होते. म्हणजे तिथे ती अप्रत्यक्ष कर्म आहे. (पुरुषाच्या बाबतीत मात्र 'त्याला पाहिलं' यासाठी 'ले बी' स्पेनमध्ये बरंच ऐकू येतं आणि रॉयल स्पॅनिश अकादमी ते चालवून घेते. कार्मेनसाठी ही सूट नाही.)

२. ला एस्पेरो. मराठीत 'ची वाट पाहणे', त्यामुळे ही युक्ती मराठी वाक्यावर चालत नाही. एस्पेरार हे क्रियापद थेट कर्म घेतं, एवढं लक्षात ठेवावंच लागतं.

३. ले. कार्मेनचं नाव वाक्यात असूनही ले येतोच. मराठी कानाला ही पुनरुक्ती वाटेल, पण स्पॅनिशमध्ये ती अगदी नैसर्गिक आहे. 'ला दी एल लीब्रो' असं म्हणणारे लोक माद्रिद आणि आसपासच्या प्रदेशात भेटतात, अकादमी मात्र ते चूक मानते.

४. से लो दी. 'ले लो दी' कधीच नाही. पुस्तकं सहसा सांगतात की 'ले लो' कानाला खटकतं म्हणून ले चा से झाला. मला हे पटत नाही. 'लेलो' हा स्पॅनिशमध्ये चांगला रुळलेला शब्द आहे (अर्थ: बावळट) आणि तो कुणाच्याच कानाला खटकत नाही. खरं कारण इतिहासात आहे. लॅटिनमधल्या 'इल्ली इल्लुम' या जोडीपासून मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये 'झे लो' तयार झालं, त्यातला झ फ्रेंच 'झ'सारखा. पुढे हा झ घोष सोडून श कडे सरकला. त्या काळचा स्पॅनिश स सुद्धा जीभ मागे घेऊन उच्चारला जाई, त्यामुळे दोन्ही ध्वनी जवळ आले. शिवाय 'स्वतःला' या अर्थाचा से आधीपासून होताच, 'से लो' ही जोडीही रोजच्या वापरातली. १६व्या शतकात जुन्या 'झे लो'ची जागा 'से लो'ने घेतली.

या तडजोडीत एक माहिती हरवली. 'से लो दीखे' म्हणजे 'ते मी तिला सांगितलं', 'त्याला सांगितलं' की 'त्यांना सांगितलं'? से ला अनेकवचन नाही. स्पेनमध्ये गरज पडली तर शेवटी 'आ एया', 'आ एयोस' जोडतात. लॅटिन अमेरिकेत मात्र बहुवचनाचा स शेजारच्या लो वर नेऊन ठेवतात: 'से लोस दीखे', म्हणजे 'ते मी त्यांना सांगितलं'. सांगितलेली गोष्ट एकच, अनेक आहेत ते ऐकणारे! व्याकरणाच्या चौकटीत हे बसत नाही, पण मेक्सिकोत सर्रास ऐकू येतं. परीक्षेत मात्र 'से लो'च लिहा.

५. नो से लो देस. होकारार्थी आज्ञेत सर्वनामं क्रियापदाच्या मागे चिकटतात, नकार आला की सुटून पुढे येतात. लिहिताना 'दासेलो'च्या 'दा'मधल्या स्वरावर आघातचिन्ह द्यायला विसरू नका. शेपूट लांबली तरी जोर मूळ 'दा'वरच राहतो, हे ते चिन्ह दाखवतं. नकारार्थी रूपात सर्वनामं सुटी झाली की चिन्हाची गरज उरत नाही.