केकचे प्रमाण वाढवणे (लहान भांड्यातून ट्रेमध्ये)

लहान गोल भांड्यासाठी लिहिलेली केकची कृती मोठ्या आयताकृती ट्रेमध्ये करायची असेल तर सामग्री, वेळ आणि तापमान नव्याने ठरवावे लागते. नाशिकच्या घरांत ही वेळ बहुधा एखाद्या सोसायटीच्या कार्यक्रमाला किंवा मुलांच्या वाढदिवसाला येते. नेहमीचा सात इंची केक वीस-पंचवीस जणांना पुरणार नसतो, आणि घरात ओटीजी असतो. अशा वेळी बहुतेक जण माणसे मोजतात आणि सामग्री तितक्या पट करतात. चूक तिथेच होते. आधी भांडे मोजावे, कारण केक नीट भाजला जाणार की नाही हे मिश्रणाच्या वजनापेक्षा भांड्यातल्या त्याच्या उंचीवर अवलंबून असते.

भांड्याच्या तळाच्या क्षेत्रफळावरून पट काढतात. सात इंच व्यासाच्या गोल भांड्याची त्रिज्या साडेतीन इंच. तिचा वर्ग करून ३.१४ ने गुणले की साधारण ३८.५ चौरस इंच येतात. नऊ बाय तेरा इंचाच्या ट्रेचा तळ ११७ चौरस इंच. ११७ ला ३८.५ ने भागले की तीनच्या किंचित वर उत्तर येते, म्हणून सामग्री तिप्पट. भांड्याच्या कडा उतरत्या असतील तर तळ आणि तोंड यांच्या मधल्या उंचीवर माप घ्यावे. हिशेबाचा कंटाळा असेल तर पाण्याने मोजता येते. लहान भांड्यात मिश्रण जिथपर्यंत येते तिथपर्यंत पाणी भरायचे आणि तेवढे पाणी ट्रेमध्ये ओतत जायचे. ट्रेमध्येही तीच उंची यायला किती भांडी लागली, तितके पट.

उदाहरणादाखल दोन अंड्यांचा साधा केक घेऊ. सात इंची भांड्याला १२० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम लोणी, दोन अंडी, एक चमचा बेकिंग पावडर आणि तीन मोठे चमचे दूध लागते. हे मिश्रण भांड्यात सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास उंच राहते आणि १८० अंश सेल्सियसला साधारण तीस मिनिटांत भाजून होते. ट्रेसाठी मैदा, साखर आणि लोणी प्रत्येकी ३६० ग्रॅम, अंडी सहा, दूध नऊ मोठे चमचे. बेकिंग पावडर तीन चमचे चालते, पण ती सपाट चमच्याने मोजावी. शीग लावलेले तीन चमचे म्हणजे प्रत्यक्षात चार-साडेचार होतात. लहान केकमध्ये खपून गेलेली ही चूक रुंद ट्रेमध्ये उघडी पडते, कारण ट्रेच्या मध्यभागाला जवळच्या कडांचा आधार नसतो. केक भराभर फुगतो आणि मधेच बसतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. थंड हवेच्या उंच ठिकाणी बेकिंग पावडर कमी करावी लागते, पण एवढ्या उंचीवर त्याची गरज पडत नाही.

आता वेळ. सामग्री तिप्पट झाली म्हणून वेळ तिप्पट होत नाही. उष्णता मुख्यतः वरून आणि खालून आत जाते, आणि उंची तीच राहिली तर तिला तितकेच अंतर कापायचे असते. तरी ट्रेला थोडा जास्त वेळ लागतोच. त्याचा मध्य कडांपासून दूर असतो, आणि दीड किलोचे थंड मिश्रण आत गेल्यावर घरगुती ओटीजी काही काळ थंडावतो. तापमान १७० अंशांवर आणल्यास कडा कोरड्या पडण्याआधी मधला भाग शिजतो. या केकला १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे धरावीत आणि तिसाव्या मिनिटापासून तपासायला लागावे. काचेचा ट्रे असेल तर तापमान आणखी दहा-पंधरा अंश कमी ठेवावे.

खरी अडचण ट्रे ओटीजीत न मावण्याची. तेरा इंची ट्रेची कड धरून लांबी चौदा-पंधरा इंच होते आणि मध्यम आकाराच्या ओटीजीत तो भिंतींना टेकतो. चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळायला हवी, नाहीतर टेकलेली बाजू जळते. त्यामुळे भांडी बाजारात जाण्याआधी ओटीजीची आतली लांबी-रुंदी मोजून न्यावी. समजा आठ बाय दहाचाच ट्रे मावला. त्याचा तळ ८० चौरस इंच, म्हणजे मूळच्या दुप्पट. तरीही हट्टाने तिप्पट मिश्रण ओतले, तर उंची दीडपट होते आणि वेळ त्याहून बराच जास्त वाढतो. उंच थरात उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ ढोबळमानाने उंचीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. असा केक १६० अंशांवर तासाच्या आसपास जातो आणि तोवर त्याच्या कडा टणक होतात. त्यापेक्षा दुप्पट मिश्रण ट्रेमध्ये आणि उरलेले मूळच्या गोल भांड्यात, असे दोन वेळा भाजणे कितीतरी बरे. पण दुसऱ्या खेपेचे मिश्रण आयत्या वेळी कालवावे. विशेषतः दही आणि सोड्याच्या बिनअंड्याच्या केकमध्ये फुगे कालवल्याबरोबर सुटू लागतात, आणि अर्धा तास थांबलेले मिश्रण दडस होते.

जानेवारीत नाशिकची थंडी या कामात आडवी येते. लहान केकचे १२० ग्रॅम लोणी हाताच्या उबेने मऊ होते; ३६० ग्रॅमचा गोळा ओट्यावर तासभर ठेवूनही आतून कडक राहतो. त्यात फ्रीजमधली सहा अंडी पडली की मिश्रण फाटते आणि केकची जाळी जाड येते. लोण्याचे लहान तुकडे करून ठेवावेत, अंडी दहा मिनिटे कोमट पाण्यात सोडावीत आणि एकेक करून घालावीत. बेदाणे घालायचे असतील तर तेही तिप्पट, पण मैद्यात घोळवून.

भाजले की नाही हे ट्रेच्या बरोबर मध्यभागी बघायचे, कारण कडेला घातलेली काडी लवकरच स्वच्छ निघते आणि फसवते. मध्यभागी घातलेली काडी कोरडी निघाली, बोटाने दाबलेला केक परत वर आला आणि कडा ट्रेपासून किंचित सुटल्या, की झाले. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ ते ९७ अंश दिसले की पुरे. नाशिकच्या उंचीवर पाणीच सुमारे ९८ अंशांना उकळते, त्यामुळे शंभर दिसण्याची वाट पाहणाऱ्याचा केक वाळतो. वरचा भाग डोंगरासारखा फुगून तडकला आणि आत ओले राहिले, तर तापमान जास्त होते. मध्य खोलगट झाला, तर एक तर केक लवकर काढला किंवा बेकिंग पावडर जास्त पडली. रंग लवकर चढत असेल तर पंचविसाव्या मिनिटानंतर वर ॲल्युमिनियमची फॉइल सैल टाकावी. त्याआधी दार उघडले तर अजून न बसलेला मध्यभाग खचतो. ओटीजीच्या बटणावरचे आकडे पंधरा-वीस अंशांनी चुकीचे असू शकतात; आत ठेवायचा लहान थर्मामीटर घेतल्यास हा संशय मिटतो.

मोठा केक लहान केकसारखा लगेच उलटा करता येत नाही, स्वतःच्या वजनाने मधे मोडतो. तळाला बटर पेपर दोन्ही बाजूंनी बाहेर येईल असा घातला, तर अर्ध्या तासाने त्याच कागदाला धरून केक उचलता येतो. पूर्ण गार झाल्यावर लांबीत सहा आणि रुंदीत चार असे काप केले, की सव्वादोन इंचांच्या आसपासचे चोवीस तुकडे होतात.